जामीन झालेला असतानाही एमपीडीए लावलं तर?

प्रश्न: चुलतभावाला खाडीतल्या चोरट्या वाळूच्या केसमध्ये चिपळूणला जामीन झाला. आता कलेक्टरच्या ऑर्डरवर एमपीडीएखाली परत उचललाय. २४ तासांत कोर्टात का उभा केला नाही?

उत्तर: कारण एमपीडीए हा धोकादायक कृत्यं आधीच रोखण्याचा राज्याचा कायदा आहे, ही गुन्ह्यासाठीची अटक नाही. केलेल्याची शिक्षा नव्हे, पुढे करेल या अंदाजाने डांबणं. संविधानाच्या कलम २२ नेच इथे २४ तासांचा नियम आणि वकिलाचा हक्क वगळलाय. त्यामुळे जामिनाचा अर्जही इथे चालत नाही. कमाल मुदत १२ महिने.

हातात काय आहे? स्थानबद्धतेची कारणं ५ दिवसांत लेखी मिळायला हवीत, सोबतच्या कागदांसकट आणि त्याला समजेल अशा भाषेत. भाऊ दहावीपर्यंत मराठीत शिकलाय आणि गठ्ठ्यात इंग्रजी पंचनाम्याचं भाषांतरच नाही, तर तो मोठा मुद्दा आहे. गठ्ठा पान-पान मोजून घ्या. जामिनाचा आदेश त्यात लावलाय का, तेही बघा. तो कलेक्टरांपुढे ठेवलाच नसेल तर ऑर्डर डळमळते.

मग लगेच निवेदन द्या, कलेक्टरांना आणि राज्य सरकारलाही, पोच घेऊन. त्यावर विनाकारण उशीर झाला तरी हायकोर्टाने ऑर्डरी रद्द केल्यात. १२ दिवसांत सरकारची मंजुरी नसेल तर ऑर्डर आपोआप संपते. ३ आठवड्यांत प्रकरण, डांबणं योग्य आहे का हे तपासणाऱ्या सल्लागार मंडळाकडे जातं. तिथे भाऊ स्वतः बोलू शकतो, तशी मागणी निवेदनातच लिहा.

मंडळाची वाट न बघताही हायकोर्टात हेबियस कॉर्पस, म्हणजे बेकायदा डांबलेल्याला सोडवण्याची याचिका, टाकता येते. वाडीतले ‘आधी साहेबांना भेटूया’ म्हणतील. त्यात दिवस घालवू नका.