‘घाटात लागली’ म्हणजे नक्की काय लिहायचं?

*‘वडाळ्याला ट्रान्सपोर्ट ऑफिसात डेस्कवर बसतो. ड्रायव्हर लोक वॉट्सॅपवर “घाटात लागली, वेळ लागेल” एवढंच टाकतात आणि मला ते कोऑर्डिनेटरला नीट स्टेटस म्हणून लिहून द्यायचं असतं. मी “लागली”चं “अडकली” करतो, पण दरवेळी ते बरोबर निघत नाही. याला काही नियम आहे का?’*

‘लागली’ला एकच शब्द ठरवून ठेवाल तर तो चुकणारच, कारण ट्रकवाल्यांच्या बोलण्यात हे क्रियापद निदान पाच कामं करतं. ‘घाट लागला’ म्हणजे घाटाशी पोचलो, अडचण काहीच नाही. ‘जाम लागला’ म्हणजे पुढे गाड्या थांबल्यात. ‘गाडी लागली’ म्हणजे कधी ठोकर बसली, तर कधी माल उतरवायच्या जागी उभी राहिली, हे दुसरं हिंदीतल्या ‘गाडी लग गई’वरून आलेलं आणि गोदामात सगळे तसंच बोलतात. ‘एन्ट्री लागली’ म्हणजे अवजड गाड्यांना बंदी असायची वेळ सुरू झाली. आणि ‘ब्रेक लागत नाही’ हे आलं तर लिहीत बसू नका, आधी फोन करा.

यात एक खूण भाषेतच आहे ती धरून ठेवा. लागणे आपोआप होतं, लावणे कोणीतरी करतं. ‘गाडी लागली’मध्ये ड्रायव्हरच्या हातात काही नव्हतं, ‘गाडी लावली’ म्हणजे त्यानेच ठरवून बाजूला घेतली. टाईप करताना ‘मी’ गळतो, अनुस्वार गळतात, पण हा ‘ग’ आणि ‘व’ सहसा चुकत नाही, आणि कोऑर्डिनेटरला नेमका हाच फरक पाहिजे असतो, गाडी रस्त्यामुळे थांबली का ड्रायव्हरने थांबवली. रस्त्यामुळे थांबली तर पार्टीला तेच सांगायचं, ड्रायव्हरने थांबवली तर का थांबवली ते विचारायचं, कारण त्यामागे झोप असेल, जेवण असेल नाहीतर गाडीचं काम असेल.

एक पूर्ण ट्रिप घेऊन बघू, म्हणजे नीट कळेल. नाशिकहून माल भरून गाडी वडाळ्याला यायचीय, रस्ता इगतपुरी, कसारा घाट, शहापूर, पडघा, भिवंडी बायपास, ठाणे, आनंदनगर नाका. माल रस्त्याने न्यायला लागणारं सरकारी ई-वे बिल काल केलेलं. अंतर २०० किलोमीटरच्या आत आहे म्हणून एक दिवसाची मुदत, आणि तो दिवस बिल केल्याच्या दुसऱ्या दिवशी मध्यरात्री संपतो, म्हणजे आज रात्री १२ पर्यंत.

पहिला मेसेज ११.१० ला, ‘घाट लागला’. याचं स्टेटस ‘११.१० ला कसारा घाटाशी पोचला, गाडी चालू’ एवढंच. इथे ‘लागला’ पुल्लिंगी आहे, लागणारा घाट आहे, गाडी नाही. हे वाचून कोणी ‘घाटात उशीर’ लिहिलं तर अजून घडलेलीच नाही अशी गोष्ट पार्टीला कळवल्यासारखं होतं.

दुसरा ११.४० ला, ‘घाटात लागली पुढे ट्रेलर आडवा’. आता लिंग बदललं, म्हणजे गाडीबद्दल बोलतोय. पण मधे स्वल्पविराम नाही, त्यामुळे दोन अर्थ निघतात, एक म्हणजे पुढे ट्रेलर आडवा झालाय म्हणून आपली गाडी जाममध्ये उभी आहे, आणि दुसरा म्हणजे आपलीच गाडी त्या आडव्या ट्रेलरला लागली. हा मेसेज अंदाजाने कधीच लिहू नका, फोन करून साधं विचारा, ‘दादा, तुम्ही ठीक ना? आपल्या गाडीला काही झालंय का, की नुसते लाईनीत उभे आहात?’ आधी माणसाची चौकशी, मग गाडीची, हा क्रम माझ्या मते सोडूच नये. आणि त्याच फोनवर केव्हापासून उभे आहात तेही विचारून घ्या, कारण मेसेजची वेळ म्हणजे थांबल्याची वेळ नव्हे, घाटात रेंज नसते आणि मेसेज मागाहून येतो. समजा तो म्हणाला, ‘नाय नाय, लाईनीतच आहे, साडेअकराच्या आधीच थांबलोय, ट्रेलर मोडावर आहे, क्रेन नाय आली अजून.’ मग स्टेटस असं होईल:

‘११.४५ ला फोनवर बोललो. नाशिककडून मुंबईकडे येताना कसारा घाटात साधारण ११.२५ पासून गाडी उभी आहे. पुढे वळणावर ट्रेलर आडवा झालाय, क्रेन अजून आलेली नाही. आपली गाडी, ड्रायव्हर, माल ठीक आहे. रस्ता कधी सुटेल ते ड्रायव्हरला माहीत नाही. पुढचं स्टेटस १२.४५ ला.’

यातली शेवटची दोन वाक्यं लोक सोडतात आणि त्याजागी स्वतःच्या मनाने ‘तासाभरात सुटेल’ घालतात. ड्रायव्हरने म्हटलेलं नाही ते लिहायचं नाही, त्याऐवजी आपण परत कधी कळवणार ते लिहायचं, म्हणजे कोऑर्डिनेटर दर दहा मिनिटांनी फोन करत नाही. ‘मुंबईकडे येताना’ हेही घातलंच पाहिजे, कारण कसाऱ्याला जायला-यायला जुना घाट आणि नवा घाट असे दोन वेगळे रस्ते आहेत, नुसत्या ‘घाटात जाम’वरून कोऑर्डिनेटरला मागून येणाऱ्या गाडीला काय सांगायचं ते कळत नाही.

‘लागली’चा खुलासा एवढा का महत्त्वाचा तर ई-वे बिलामुळे. मुदत वाढवायची असेल तर ती संपायच्या ८ तास आधीपासून संपल्यावर ८ तासांपर्यंतच वाढवता येते, आणि तेव्हा पोर्टलवर कारण निवडावं लागतं, गाडी आत्ता कुठे आहे आणि किती अंतर राहिलंय तेही भरावं लागतं. कारणांमध्ये अपघात हे वेगळं आहे. तुमच्या स्टेटसमध्ये ‘ट्रेलरला लागली’ असं राहिलं आणि समोरच्याने ते वाचून अपघात निवडला, तर जे घडलंच नाही ते सरकारी नोंदीत जातं. मग पार्टी माल तपासायला सांगते, मालक विम्याचं विचारतो, आणि गाडी तर बिचारी नुसती लाईनीत उभी होती.

तिसरा १.०५ चा, ‘सुटलं हळू हळू लायनर तापले लावली खाली अर्ध्या तासात निघतो’. यात चार गोष्टी आहेत आणि त्या वेगळ्या करायलाच पाहिजेत. ‘सुटलं’ म्हणजे जाम सुटला. ‘लावली’ आलंय, लागली नाही, म्हणजे त्याने स्वतः थांबवलीय, आणि का ते सांगितलंय. घाट उतरताना लाईनीत पुढे सरकायचं, थांबायचं असं तास-सव्वा तास चाललं की ब्रेक सारखा दाबावा लागतो, ड्रम नि लायनर तापतात, जळका वास येतो, आणि पुढे पुढे ब्रेकची पकड कमी होते. अशा वेळी गाडी बाजूला घेऊन थंड होऊ देणं हेच बरोबर आहे. आणि ‘खाली’ इथे मराठी आहे, घाटाच्या पायथ्याशी. हिंदीतलं ‘खाली’ म्हणजे रिकामी, आणि आपल्या लाईनीत दोन्ही चालतात, ‘गाडी खाली झाली’ म्हणजे माल उतरला. नाशिकहून भरून निघालेली गाडी कसाऱ्याला रिकामी होणार नाही हे तुम्हाला-मला कळतं, पण नुसतं ‘गाडी खाली’ असं पुढे पाठवलं तर दहा गाड्या बघणारा माणूस गोंधळतोच. स्टेटस:

‘१.०५: कसारा घाटातला जाम सुटला, गाडी घाट उतरून पायथ्याशी आली. ब्रेक तापल्यामुळे ड्रायव्हरने गाडी बाजूला उभी केलीय. साधारण १.३५ ला निघेन म्हणतो, ब्रेक थंड झाले तरच.’

‘अर्ध्या तासात’चं घड्याळातल्या वेळेत रूपांतर लगेच करा, कारण कोऑर्डिनेटरने मेसेज दीडला वाचला तर त्याचा अर्धा तास दोनला संपतो. ‘म्हणतो’ मुद्दाम ठेवलंय, ती वेळ ड्रायव्हरची आहे, तुमची नाही. आणि जामचा उशीर आणि ब्रेकसाठीचा उशीर एकत्र करून ‘घाटात दोन तास गेले’ असं लिहू नका. एक रस्त्याचा आहे आणि दुसरा गाडीचा, दुसरा वेगळा दिसला तरच वर्कशॉपवाल्याला लायनर बघायला सांगता येतं. ‘तरच’ही काढू नका, नाहीतर १.३६ ला कोणीतरी त्याला ‘निघालास का’ म्हणून घाई करणार, आणि तापलेल्या ब्रेकवर घाई नको.

भिवंडी बायपासला माणकोलीजवळ थोडं रखडणं वगैरे साधं आहे, ते वरच्याच पद्धतीने लिहा.

चौथा ५ च्या सुमाराचा, ‘आनंदनगर एन्ट्री लागली ९ ला सुटेल’. हा जाम नाही. जामला शेवट कधी ते कोणाला माहीत नसतं, बंदीची वेळ मात्र आधी ठरलेली असते, म्हणून इथे सुटायची वेळ लिहिता येते आणि लिहायलाच पाहिजे: ‘अवजड गाड्यांच्या बंदीमुळे आनंदनगर नाक्याअलीकडे थांबलाय, ड्रायव्हरच्या सांगण्याप्रमाणे ९ ला सोडतील.’ वेळा ट्रॅफिकवाल्यांच्या ऑर्डरप्रमाणे बदलतात, सणासुदीला वेगळ्या असतात, तेव्हा त्याने सांगितलेली वेळ त्या दिवसाच्या ऑर्डरशी एकदा ताडून बघा. आणि या स्टेटसला एक ओळ जोडा, ‘ई-वे बिल आज रात्री १२ ला संपतंय’. ९ ला सुटून वडाळ्याला गाडी वेळेत येईलही, पण मुदत वाढवायची खिडकी ४ वाजताच उघडलेली असते, ती वापरायची का नाही ते कोऑर्डिनेटरने ठरवावं, त्याच्यासमोर माहिती असली पाहिजे.

आणि शेवटी १०.२० ला मेसेज येतो, नुसता ‘लागली’. आता जाम नाही, घाट नाही, ठोकर नाही, गोदामाच्या दारात लागली. पण याचंही ‘डिलिव्हरी झाली’ करू नका. गाडी आत घेतली का गेटबाहेर लाईनीत आहे, हमाल आलेत का, उतरवायला सुरुवात केव्हा झाली, या वेगळ्या वेळा आहेत आणि पार्टीकडे गाडी खोळंबल्याचे पैसे, म्हणजे होल्टिंग, मागायचं तर याच वेळा लागतात. म्हणून परत विचारायचं, ‘दादा, गेटवर किती वाजता पोचलात आणि आत किती वाजता लावली?’ दोन्ही वेळा वेगळ्या लिहायच्या, आणि माल उतरल्यावर ‘गाडी खाली’ऐवजी ‘माल पूर्ण उतरला, पावतीवर सही-शिक्का मिळाला’ असं लिहायचं, सही मिळाली असेल तरच.