अ‍ॅमेझॉनवर भाव आपोआप बदलू द्यायचे, पण किती खाली?

प्रश्न: अ‍ॅमेझॉनवर एक्स्टेंशन बोर्ड विकतो. त्याच लिस्टिंगवर आणखी सात-आठ जण आहेत आणि भाव दिवसभर हलत असतात. ऑटोमॅटिक प्राइसिंग लावली तर ऑर्डर येतील, पण मार्जिन उडेल अशी भीती वाटते. किमान किंमत किती ठेवू आणि नियम कसे लावू?

उत्तर:

नियम नंतर, आधी कागद-पेन घ्या. बहुतेक जण फ्लोअर, म्हणजे किमान किंमत, अंदाजाने टाकतात: खर्चाची बेरीज केली, त्यावर कमिशन चढवलं, वर थोडा नफा ठेवला की झालं. यात गोची अशी की कमिशन खर्चावर लागत नाही, ते विक्रीच्या किमतीवर लागतं. आणि ग्राहक जी किंमत देतो तिच्यात जीएसटी असतो, तो तुमचा नसतोच.

एक बोर्ड धरू. आकडे उदाहरणापुरते आहेत, तुमचे खरे आकडे सेटलमेंट रिपोर्टमध्ये सापडतील. जीएसटी वगळून खरेदी ३१० रुपये, पॅकिंग १२, क्लोजिंग फी आणि शिपिंग मिळून ८५. शंभरातल्या सहा ऑर्डर परत येतात आणि प्रत्येक परतीत १५० रुपये जातात असं धरलं, तर दर ऑर्डरमागे ९ रुपये. एकूण ४१६. कमिशन १० टक्के, जीएसटी १८ टक्के, आणि एका बोर्डावर निदान ३० रुपये सुटायला हवेत.

```
किमान किंमत = (खर्च + नफा) ÷ (१ ÷ १.१८ − कमिशन)
            = (४१६ + ३०) ÷ (०.८४७५ − ०.१०)
            = ५९७ रुपये
```

आता अंदाजवाली पद्धत बघा. ४४६ वर १० टक्के चढवले की ४९१ होतात. त्या भावाला विकलं तर जीएसटी आणि कमिशन जाऊन हातात ३६७ उरतात, म्हणजे प्रत्येक बोर्डामागे ४९ रुपये तोटा. आणि टूल मात्र तुमच्याच सांगण्यावरून तिथपर्यंत उतरत राहील. ना नफा ना तोटा अशी किंमत या बोर्डाची सुमारे ५५७ आहे. ती वेगळी लिहून ठेवा, पुढे लागेल.

फीवर लागणारा जीएसटी क्रेडिटमध्ये मिळतो, म्हणून तो वर धरलेला नाही. ०.५ टक्के टीसीएस आणि ०.१ टक्का टीडीएससुद्धा धरू नका. ते पैसे काही काळ अडकतात, पण खर्चात जात नाहीत. जाहिरात चालू असेल तर एका ऑर्डरमागचा तिचा खर्च मात्र ४१६ मध्ये मिळवायलाच हवा. अजून एक: क्लोजिंग फी किमतीच्या टप्प्यानुसार बदलते. तुमचा फ्लोअर एखाद्या टप्प्याच्या सीमेजवळ आला, तर त्या टप्प्याची फी घालून हिशोब पुन्हा करा.

आता नियम. सेलर सेंट्रलमधल्या Automate Pricing मध्ये सगळ्यात कमी भावाच्या मागे जाण्याचा पर्याय आहे आणि Featured Offer च्या मागे जाण्याचा पर्याय आहे. मी दुसरा घेतो. ग्राहक ‘बाय नाऊ’ दाबतो तेव्हा ऑर्डर फीचर्ड ऑफरवाल्याला जाते, आणि तो सगळ्यात स्वस्त असतोच असं नाही. आठ दिवसांनी माल पाठवणारा नवा विक्रेता ५४० ला बसला असेल, तर त्याच्यामागे धावून तुम्हाला काय मिळणार? तुमचा माल अ‍ॅमेझॉनच्या गोदामातून जात असेल, तर त्याची तुलना घरून पाठवणाऱ्याशी करूच नका.

दुसरी निवड एक रुपया कमी की बरोबरीला, ही. इथे माझं मत पक्कं आहे: बरोबरीला. समोरच्याकडेही ‘एक रुपया कमी’ हाच नियम असेल, तर दोन यंत्रं ६९९ पासून एकेक रुपया उतरत तळाला जातात, मध्ये कुणी माणूस नसतोच. शेवटी ज्याचा फ्लोअर खाली तो जिंकतो, आणि त्याच्याही हातात चिंधी उरते. विक्री कमी झाली की भाव उतरवणारा नियमही तिथे आहे. जुना स्टॉक काढायचा नसेल तर त्याच्या वाटेला जाऊ नका. सणानंतर मागणी थंडावली तरी तो भाव कापत बसतो.

आता खरा प्रश्न: समोरचा तुमच्या फ्लोअरच्याही खाली गेला तर? अ‍ॅमेझॉनचं टूल तुम्हाला ५९७ वर थांबवतं. तिथे तुम्ही ना फीचर्ड ऑफरमध्ये, ना चांगल्या भावात. भाव आपोआप बदलणाऱ्या बाहेरच्या काही सॉफ्टवेअरमध्ये, म्हणजे रीप्राइसरमध्ये, अशा वेळी किंमत वर नेण्याची सोय असते आणि मी तीच वापरतो. तुम्ही ६४९ ला गेलात आणि समोरचं यंत्र तुमच्याच भावाकडे बघून चालत असेल, तर तेही ६४८ ला येतं. रात्री गिऱ्हाईक कमी असताना हे करून बघावं, काही जण रोज करतात. समोरचा हलला नाही, तर तो बहुधा माल संपवतोय. त्याला संपवू द्या. भाव सलग तीन-चार दिवस फ्लोअरलाच चिकटलेला दिसला, तर नियमात काही बिघडलेलं नाही. एकतर तुमची खरेदी महाग पडतेय किंवा त्या लिस्टिंगवर गर्दी झालीय. ५५७ चा आकडा इथे कामाला येतो. अडकलेला माल मोकळा करायचा असेल तर तिथपर्यंत स्वतःच्या हाताने आणि ठरावीक नगांपुरतं उतरा, नियमाला ती मुभा देऊ नका.

फ्लोअर गुपचूप मोडतो तो कुपनमुळे. टूल लिस्टिंगची किंमत सांभाळतं, कुपन त्यानंतर वजा होतं. ५९७ वर ५ टक्के कुपन म्हणजे ५६७, आणि ३० चा नफा ८ रुपयांवर येतो. कुपन लावायच्या दिवशी फ्लोअर त्या प्रमाणात, म्हणजे ६२८ च्या आसपास चढवा.

फ्लोअर फक्त बाहेरच्या टूलमध्ये ठेवून चालत नाही. डिसेंबर २०१४ मध्ये ब्रिटनमध्ये रीप्राइसर-एक्सप्रेस या सॉफ्टवेअरमध्ये बिघाड झाला आणि सुमारे तासभर कितीतरी विक्रेत्यांचा माल अ‍ॅमेझॉनवर एका पेनीला लागला होता. म्हणून लिस्टिंगमधल्या अ‍ॅमेझॉनच्या स्वतःच्या किमान किमतीच्या रकान्यातही एक आकडा भरा. चुकून भाव त्याखाली गेला तर लिस्टिंग बंद पडते. कटकट आहे, पण एका पेनीपेक्षा बरी. कमाल किंमतही भरा, एमआरपीच्या आतली.

फ्लोअर एकदा भरून विसरू नका. खरेदीचा दर, फी किंवा कराचा दर, काहीही बदललं की पुन्हा गणित करा. २२ सप्टेंबर २०२५ ला अनेक वस्तूंचा जीएसटी बदलला. एसी २८ वरून १८ टक्क्यांवर आले, त्या विक्रेत्यांच्या सूत्रातला १.२८ त्या दिवशी १.१८ झाला. सुरुवातीला दोन-तीन लिस्टिंगवरच नियम लावा, आठवडाभर रोज किमतींचा इतिहास बघा आणि सेटलमेंट आल्यावर एका ऑर्डरमागे खरंच ३० सुटले का ते तपासा. कमी सुटले असतील, तर परतीचे ते ९ रुपये आधी तपासा, बहुतेकदा घोळ तिथेच असतो.