संकष्टी, एकादशी आणि १६:८ : मोबाईलवर उपवासाची आठवण चुकू नये म्हणून

प्रश्न: कोल्हापुरात राहते. १६:८ करते, म्हणजे सोळा तास उपवास आणि आठ तासांत जेवण, शिवाय संकष्टी, एकादशी आणि श्रावणी सोमवार धरते. मोबाईलवर 'दर महिन्याला' अशी आठवण लावली तर दिवस चुकतो, आणि एका ॲपने संकष्टी चक्क दुसऱ्या दिवशी दाखवली. एकदा लावली की कायम बरोबर वाजेल अशी आठवण कशी लावायची?

एकदा लावून कायम चालेल अशी आठवण या उपवासांसाठी लागत नाही. वर्षातून एकदा पंचांग समोर ठेवून तारखा भरायच्या, एवढंच काम आहे. अर्ध्या तासात होतं आणि मग वर्षभर बघावं लागत नाही.

'दर महिन्याला' का चालत नाही ते आधी सांगतो, म्हणजे पुढचं सोपं जाईल. एका अमावास्येपासून दुसऱ्या अमावास्येपर्यंत सरासरी साडेएकोणतीस दिवस लागतात. त्यामुळे दोन संकष्ट्यांमध्ये कधी २९ दिवस पडतात, कधी ३०. मोबाईलला 'दर ३० दिवसांनी' असं सांगितलंत तरी वर्षाच्या शेवटी पाच-सहा दिवसांची चूक साचते. 'दरवर्षी याच तारखेला' तर त्याहून वाईट. आषाढी एकादशी २०२३ मध्ये २९ जूनला होती, २०२४ मध्ये १७ जुलैला, २०२५ मध्ये ६ जुलैला आणि २०२६ मध्ये २५ जुलैला. मधली अंतरं मोजा: ३८४ दिवस, ३५४ दिवस, परत ३८४. साध्या वर्षात ३५४, अधिक महिना आला की ३८४. घड्याळाच्या ॲपला हा हिशेब माहीत नसतो.

आता तुमच्या ॲपबद्दल. संकष्टी दुसऱ्या दिवशी दिसली याचं कारण जवळजवळ नेहमी एकच असतं: ॲप सूर्योदयाची तिथी बघतं. पंचांगात त्या दिवसाची तिथी म्हणजे सूर्योदयाला असलेली तिथी, हे बरोबरच आहे. पण संकष्टी सूर्योदयावर ठरत नाही. वद्य चतुर्थी चंद्रोदयाला असायला हवी. तिथी काही रात्री बारा वाजता बदलत नाही. ती दिवसा-रात्री कधीही सुरू होते आणि साधारण २० ते २७ तासांत कधीही संपते.

२०२६ चा ऑगस्ट घ्या, यात सगळं एकदम दिसतं. त्या महिन्यात संकष्टी दोनदा आहे, रविवारी २ तारखेला आणि सोमवारी ३१ तारखेला. ३१ तारखेला कोल्हापुरात सूर्य सव्वासहाच्या पुढे उगवतो तेव्हा अजून तृतीया असते. चतुर्थी लागते सकाळी पावणेनऊ-नऊच्या सुमारास आणि ती १ सप्टेंबरच्या सकाळी, सूर्योदय होऊन गेल्यावर संपते. म्हणजे सूर्योदय बघणारं ॲप १ सप्टेंबरला 'चतुर्थी' दाखवणार. त्या दिवशी उपवास धरलात तर रात्री चंद्र उगवेल तेव्हा पंचमी असेल. खरा चतुर्थीचा चंद्र ३१ ला रात्री, कोल्हापुरात पावणेनऊ ते नऊच्या दरम्यान उगवतो. छापील कॅलेंडर ३१ लाच संकष्टी देतं ते यामुळे. ॲप आणि छापील पंचांग यांत फरक दिसला तर चतुर्थी कुठून कुठवर आहे आणि त्या रात्रीचा चंद्रोदय त्यात बसतो का, एवढं बघा. दोन मिनिटांत निकाल लागतो.

ॲपच्या सेटिंगमध्ये आणखी दोन गोष्टी तपासा. गाव 'कोल्हापूर' निवडलंय का? नागपूरचा चंद्रोदय आपल्यापेक्षा वीसेक मिनिटं आधी होतो. मुंबईचा मात्र जवळजवळ आपल्याच वेळेला. दुसरं, महिना 'अमान्त', म्हणजे अमावास्येला संपणारा, आहे ना. उत्तरेकडच्या पद्धतीत वद्य पक्षाला पुढच्या महिन्याचं नाव देतात, म्हणून ३१ ऑगस्टची आपली श्रावण वद्य चतुर्थी तिथे भाद्रपदात दिसते. उपवासाचा दिवस तोच राहतो, पण 'श्रावण' शोधून आठवण लावणाऱ्याचा गोंधळ होतो.

एकादशीचा घोळ वेगळा आहे. कधी कधी लागोपाठ दोन दिवस एकादशी छापलेली असते, एकावर 'स्मार्त', दुसऱ्यावर 'भागवत'. सूर्योदयाआधीच्या चार घटकांत, म्हणजे ९६ मिनिटांत, दशमी शिल्लक असेल तर भागवत परंपरेत ती एकादशी सोडून पुढचा दिवस धरतात. घरात माळकरी असतील, आषाढीला नंदवाळला चालत जाणारे असतील, तर भागवत लिहिलेली तारीख घ्या. नाहीतर घरात आजवर जे चालत आलंय ते. वर्षाच्या सुरुवातीला एकच पद्धत ठरवा आणि सगळ्या एकादश्या त्याच पद्धतीने भरा. मिसळलीत की एका उपवासाच्या दोन आठवणी वाजतात.

आता भरायचं कसं. गूगल कॅलेंडर संगणकावर उघडा आणि 'उपवास' नावाचं वेगळं कॅलेंडर तयार करा. वेगळं यासाठी की चुकलं तर तेवढंच पुसता येतं, आणि घरातल्यांनाही तेवढंच दाखवता येतं. मग त्या कॅलेंडरच्या सेटिंगमध्ये `Event notifications` इथे सूचना किती मिनिटं आधी हवी ते लावा. ० मिनिटं ठेवलीत तर लिहिलेल्या वेळेलाच वाजेल. त्यानंतर तारखांची फाईल अशी बनवा:

```
Subject,Start Date,Start Time,End Date,End Time
उद्या संकष्टी,08/30/2026,6:30 PM,08/30/2026,6:45 PM
आज संकष्टी,08/31/2026,6:30 AM,08/31/2026,6:45 AM
चंद्रोदयाची तयारी,08/31/2026,8:15 PM,08/31/2026,8:45 PM
```

ती `Import & export` मधून 'उपवास' कॅलेंडरमध्ये घ्या. फाईलमध्ये तारीख महिना आधी, दिवस नंतर अशी आहे, आणि इथेच बहुतेकांचं चुकतं. २ ऑगस्ट आपल्या सवयीने 02/08 लिहिलंत तर ती २०२६ च्या ८ फेब्रुवारीला जाऊन बसते आणि कुठेही चूक म्हणून दिसत नाही. ३१ तारखेसारखी तारीख उलटी लिहिली तर निदान अडकते तरी. एक्सेलमधून साठवताना `CSV UTF-8` निवडा, नाहीतर मराठी अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हं येतात. तीच फाईल दोनदा घेऊ नका, प्रत्येक नोंद दोनदा पडते. घेतल्यावर एखादी नोंद मोबाईलवर उघडून सूचना लागलीय का ते बघा. शेवटी संकष्ट्यांमधली अंतरं मोजून बघा. २९ किंवा ३० सोडून काही आलं तर ती तारीख पंचांगात परत बघायची.

एका संकष्टीला तीन आठवणी जास्त वाटतील, पण मला तिन्ही लागतातच असं वाटतं. सर्वांत कामाची आदल्या संध्याकाळची. साबुदाणा रात्री भिजवायचा असतो, रताळी-केळी आणायची असतात आणि तुमचं १६:८ चं शेवटचं जेवणही त्याच वेळेला ठरतं. सकाळची आठवण चुकून पोहे तोंडात जाऊ नयेत म्हणून. तिसरी चंद्रोदयाआधी अर्धा-पाऊण तास, नैवेद्य आणि आरतीसाठी. संकष्टीचा चंद्रोदय वर्षभरात साधारण आठ ते साडेदहाच्या दरम्यान सरकत असतो, म्हणून ही वेळ दर महिन्याला पंचांगातली टाकायची, एकच ठोकून द्यायची नाही. पावसाळ्यात ढगांमुळे चंद्र दिसत नाही तेव्हा छापील वेळेवरच उपवास सोडतात. आभाळ मोकळं असलं तरी पूर्वेला इमारत किंवा डोंगर असेल तर चंद्र दिसायला दहा-पंधरा मिनिटं जास्त लागतात.

३१ ऑगस्टला तुमच्यासाठी आणखी एक पेच आहे: तो श्रावणी सोमवारही आहे. सोमवार संध्याकाळी सोडतात, संकष्टी चंद्रोदयाला. बहुतेक घरांत अशा दिवशी चंद्रोदयानंतर एकदाच जेवून दोन्ही सोडतात. म्हणून त्या दिवसाची 'सोमवार सोडा' ही आठवण काढून टाका. श्रावणी सोमवारांना दर आठवड्याची पुनरावृत्ती चालते, पण ती काढताना `This event` निवडा. `This and following events` दाबलंत तर ७ सप्टेंबरचा सोमवारही जाईल.

तुमच्या १६:८ च्या आठवणीचंही तसंच. समजा तुम्ही दुपारी १२ ते रात्री ८ मध्ये जेवता. ३१ ला चंद्रोदय नऊच्या अलीकडे, आरती होऊन पान वाढेपर्यंत सव्वानऊ, जेवण पावणेदहाला संपतं. तिथून सोळा तास मोजले तर १ सप्टेंबरला पहिलं जेवण दुपारी पावणेदोनला येतं. त्या दिवसाची १२ ची आठवण पुढे सरकवा, आणि ३१ ची 'आठ वाजले, आता बंद' ही आठवण काढा. एकादशीला असं काही करावं लागत नाही, कारण पारणं दुसऱ्या दिवशी सकाळी असतं. मात्र द्वादशी लवकर संपत असेल तर पारण्याची वेळ तुमच्या बाराच्या आधीच निघून जाते. त्या दिवशी पारणं आधी, सोळा तास नंतर. एकादशीच्या नोंदीतच पंचांगातली द्वादशीची शेवटची वेळ लिहून ठेवा.

एक लक्षात असू द्या, फराळ केला की १६:८ च्या हिशेबात उपवास मोडतो. साबुदाणा जवळजवळ निव्वळ पिष्ट आहे, आणि दूध-साखरेचा चहाही त्यात मोजायचा. म्हणून फराळ दुपारी १२ नंतरच ठेवा, सकाळी नको.

घरात कुणाला मधुमेह असून इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या चालू असतील, तर त्यांच्यासाठी आदल्या संध्याकाळऐवजी चार दिवस आधीची आठवण लावा. उपवासाच्या दिवशी डोस किती घ्यायचा हे तेवढ्यात डॉक्टरांना विचारता येतं. त्या दिवशी घाम, थरथर, चक्कर जाणवली किंवा साखर ७० च्या खाली गेली, तर चंद्रोदयाची वाट न बघता लगेच तीन-चार चमचे साखर पाण्यातून द्यायची आणि पंधरा मिनिटांनी परत तपासायची.