बीएस-४ डिझेल गाडी आता घ्यावी का? पुढे बंदी आणि विकताना किंमत, दोन्हींची भीती वाटते

प्रश्न: पुण्यात राहतो. २०१९ ची बीएस-४ डिझेल गाडी ४.७५ लाखांत मिळतेय. त्याच मॉडेलची नोव्हेंबर २०२० ची बीएस-६ डिझेल ६.४० लाखांना आहे. पाच वर्षं वापरून विकायचा विचार आहे. बीएस-४ घेतली तर पुढे बंदी येईल का? आणि विकताना काय हाती लागेल?

उत्तर:

तुम्ही सांगितलेल्या भावात बीएस-४ घ्यायला हरकत नाही. पण हे उत्तर दोन गाड्यांच्या किमतीतल्या फरकावर अवलंबून आहे. फरक कमी असता तर मी नको म्हटलं असतं. हिशोब खाली मांडतो, त्याआधी बंदीचं बघू.

जुन्या गाड्या बघून देण्याचं काम करताना एक गोष्ट रोज दिसते. लोक ‘बीएस-४’ एवढंच विचारतात आणि पेट्रोल-डिझेल एकाच मापाने मोजतात. खरं तर बीएस-४ पेट्रोल आणि बीएस-४ डिझेल यांचं भविष्य वेगळं आहे, कारण त्यांच्या धुरातच मोठा फरक आहे. बीएस-४ मध्ये पेट्रोल कारला एका किलोमीटरमागे ०.०८ ग्रॅम नायट्रोजन ऑक्साइड सोडायची मुभा होती, तर डिझेलला ०.२५ ग्रॅम, म्हणजे तिपटीहून जास्त. बीएस-६ मध्ये पेट्रोलची मर्यादा ०.०६ वर आली आणि डिझेलची थेट ०.०८ वर. डिझेलच्या काजळीची मर्यादा २५ मिलिग्रॅमवरून ४.५ मिलिग्रॅमवर उतरली. थोडक्यात, पेट्रोलसाठी बीएस-४ ते बीएस-६ हे छोटं पाऊल होतं, डिझेलसाठी फार मोठं. सरकारं आणि न्यायालयं निर्बंध घालताना हाच फरक धरतात.

दिल्लीकडे बघा, कारण देशात सगळ्यात आधी आणि सगळ्यात कडक नियम तिथे येतात. तिथे हवा फार बिघडली की ठरलेल्या टप्प्यांनी निर्बंध लागू होतात. तिसऱ्या टप्प्यात दिल्लीत आणि गुरुग्राम, फरिदाबाद, गाझियाबाद, नोएडा या भागात बीएस-३ पेट्रोल आणि बीएस-४ डिझेल चारचाकी रस्त्यावर आणता येत नाहीत. बीएस-४ पेट्रोल त्यातून सुटते. डिझेल मात्र नवी असो वा जुनी, बीएस-४ असली की अडकते.

दुसरी रेघ वयाची. २०१८ पासून दिल्ली परिसरात १० वर्षांवरची डिझेल आणि १५ वर्षांवरची पेट्रोल गाडी चालवायला सर्वोच्च न्यायालयाची मनाई होती. १२ ऑगस्ट २०२५ ला न्यायालयाने अशा मालकांवर सक्तीची कारवाई करू नका असं सांगितलं. मग १७ डिसेंबर २०२५ ला त्यात बदल करून हे संरक्षण बीएस-४ आणि त्यापुढच्या गाड्यांपुरतंच ठेवलं. बीएस-३ आणि त्याखालच्या गाड्यांवर कारवाईची वाट मोकळी झाली. म्हणजे वयाच्या जागी आता मानक हा निकष पुढे येतोय. तुमची २०१९ ची डिझेल या रेघेच्या सुरक्षित बाजूला आहे, पण हवा बिघडण्याच्या दिवसांतल्या रेघेच्या चुकीच्या बाजूला. त्याच डिसेंबरात दिल्लीबाहेर नोंदलेल्या, बीएस-६ खालच्या गाड्यांना त्या गंभीर दिवसांत दिल्लीत प्रवेशच नाकारला गेला. तेव्हा एमएच पासिंगची बीएस-४ घेऊन हिवाळ्यात तिकडे जायचं असेल तर पेट्रोलवाल्यालाही हे लागू.

महाराष्ट्रात आज असा कोणताही नियम नाही. इथे खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, नंतर फिटनेस तपासून आणि पर्यावरण कर भरून पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण होतं. तुमची ऑगस्ट २०१९ ची नोंदणी असेल तर आरसी ऑगस्ट २०३४ पर्यंत चालते, आणि त्यात बीएस-४ आहे म्हणून काही कमी होत नाही. मात्र जानेवारी २०२५ मध्ये मुंबईच्या हवेच्या प्रकरणात उच्च न्यायालयाने पेट्रोल-डिझेल गाड्या टप्प्याटप्प्याने कमी करता येतील का हे तपासायला सांगितलं आणि राज्याने त्यासाठी समिती नेमली. उद्या इथे काही आलं तर ते आधी बीएस-३, मग बीएस-४ डिझेल या क्रमाने येईल, असा माझा अंदाज आहे.

आता हिशोब. पुढचे आकडे माझ्या अंदाजाचे आहेत, तुम्ही आपल्या भागातल्या भावाने बदलून बघा. पाच वर्षांनी, २०३१ मध्ये, बीएस-४ गाडीची आरसी साधारण तीन वर्षं उरलेली असेल आणि बीएस-६ ची चार. वर्षाचा फरक फार नाही, पण गिऱ्हाईक बदललेलं असेल. वय १२ वर्षं झालेल्या डिझेलवर कर्ज मिळणं अवघड, म्हणून रोखीने घेणाराच येणार आणि तो भाव पाडणार. बीएस-४ चे दीड लाख आणि बीएस-६ चे २.६० लाख येतील असं धरतो. मग बीएस-४ वर तुमचे ३.२५ लाख गेले, बीएस-६ वर ३.८० लाख. पाच वर्षांत बीएस-४ पंचावन्न हजारांनी स्वस्त पडली.

वाईटात वाईट धरा. पुण्यात निर्बंध आला आणि बीएस-४ डिझेल ६० हजारांनाच गेली. तरी ४.१५ लाख गेले, म्हणजे बीएस-६ पेक्षा ३५ हजार जास्त. हे नुकसान सोसण्यासारखं आहे, आणि निर्बंध आलाच नाही तर फायदा आहे. निर्बंधामुळे गाडी वापरताच आली नाही तर मात्र गैरसोयीची किंमत या आकड्यात नाही, ती तुम्ही तुमच्या कामावरून ठरवा.

यातून एक उपयोगी आकडा निघतो. शेवटी दोन गाड्यांच्या विक्रीच्या किमतीत १.१० लाखांचा फरक राहील असं आपण धरलं. तेव्हा आज दोघींच्या भावातला फरक १.१० लाखापेक्षा कमी असेल तर बीएस-६ घ्या. तुमच्याकडे तो १.६५ लाख आहे, म्हणून बीएस-४ परवडते. बीएस-४ वाल्याने भाव वाढवून ५.५० मागितले तर तिथेच उठा.

बीएस-६ डिझेलच्या बाजूने एक गोष्ट लोक विसरतात. तिच्या सायलेन्सरच्या मार्गात काजळी अडवणारा डीपीएफ असतो. तो साफ व्हायला गाडी अधूनमधून मोकळ्या रस्त्यावर थोडा वेळ सलग चालावी लागते. रोज पाच-सात किलोमीटरच शहरात फिरणारी गाडी असेल तर साफसफाई अर्धवट राहते, डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरतं आणि डिपस्टिकवर ऑइलची पातळी वाढलेली दिसते. पातळी वाढली म्हणजे ऑइल भरपूर आहे असं समजू नका, ती खराबीची खूण आहे. फिल्टर बदलायचा खर्च लाखाच्या घरात जाऊ शकतो. म्हणून काही गॅरेजवाले तो कापूनच टाकतात. हे ओळखायला इंजिन थंड असताना पांढरा टिश्यू पेपर सायलेन्सरच्या नळीत आत फिरवा. फिल्टर धड असेल तर कागदावर जेमतेम करडी छटा येते. काळा कुट्ट निघाला तर गाडी सोडा, कारण कागदोपत्री बीएस-६ असून ती धुराने बीएस-४ च आहे. बीएस-४ मध्ये ही कटकट सहसा नसते, थोडा धूर पुन्हा इंजिनात फिरवणारा ईजीआर साफ करून घेतला की पुष्कळदा भागतं.

कोणती गाडी खरंच कोणत्या मानकाची आहे हे आरसीवर बघा, ‘२०२० मॉडेल’ या शब्दावर विसंबू नका. देशभर बीएस-६ १ एप्रिल २०२० पासून आलं, पण मार्च अखेरीला विकलेल्या काही बीएस-४ गाड्या लॉकडाऊनमुळे अडकल्या आणि ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या परवानगीने नोंदल्या गेल्या. म्हणून सप्टेंबर २०२० ची नोंदणी असलेली बीएस-४ गाडीही सापडते. उलट काही कंपन्यांनी २०१९ मध्येच बीएस-६ पेट्रोल विकायला सुरुवात केली होती. मारुतीची बलेनो आणि अल्टो ही त्यातली उदाहरणं. आरसीवर किंवा परिवहन ॲपमध्ये `Emission Norms` समोर `BHARAT STAGE IV` किंवा `BHARAT STAGE VI` लिहिलेलं असतं. काचेवरचा होलोग्रामचा स्टिकरही बघा. डिझेलचा नारिंगी, पेट्रोल-सीएनजीचा फिकट निळा, आणि बीएस-६ असेल तर त्याच्या वरच्या कडेला हिरवी पट्टी असते. स्टिकर आणि आरसी जुळत नसतील तर मालकाला विचारा.

‘बीएस-४ ला बीएस-६ करून देतो’ असं कोणी म्हटलं तर ऐकू नका. वरून फिल्टर बसवला तरी आरसीवरचं मानक बदलत नाही, आणि निर्बंध आरसी बघूनच लागतात.

तुमच्या गाडीची पहिली नोंदणी कुठली हेही नक्की काढा. दिल्ली परिसरातल्या डिझेल गाड्या तिथे उतरती किंमत मिळते म्हणून एनओसी घेऊन इथे आणल्या जातात, आणि एमएच पासिंग झालं की साध्या नजरेला कळत नाही. आरसीवर आधीचा नंबर, मालकांची संख्या आणि सर्व्हिस हिस्टरीतली शहरं जुळवा. आरसीची १५ वर्षं पहिल्या नोंदणीपासूनच मोजली जातात. विक्रेता ‘नुकतंच पासिंग झालंय’ म्हणत असेल तर पहिल्या नोंदणीची तारीख दाखवायला सांगा, आणि वरच्या हिशोबात तीच तारीख घाला.