बघणाऱ्याचं मन, कॅल्क्युलेटरची फिल्म आणि आमचे साडू

प्रश्न: सुपरपोझिशन म्हणजे कण एकाच वेळी दोन ठिकाणी असतो आणि आपण बघितलं की एक जागा ठरते, असं ऐकलंय. म्हणजे बघणाऱ्याच्या मनाचा कणावर खरंच परिणाम होतो का? मी कॉमर्सचा आहे, गणित नको.

नाही होत.

एवढ्यावर थांबलो असतो, पण हाच प्रश्न आमच्या साडूंनी गौरीजेवणाला पंचवीस माणसांसमोर मला टाकला होता. तोही प्रश्न म्हणून नाही, निकाल म्हणून. ते नुकतेच कुठल्याशा रिसॉर्टवर दोन दिवसांचं 'क्वांटम' शिबिर करून आले होते. विडा तोंडात टाकत म्हणाले, "तुम्ही तीस वर्षं फिजिक्सची प्रॅक्टिकल्स घेतलीत, पण मूळ गोष्ट राहिलीच. बघणारा ठरवतो, कण ऐकतो." सगळे हसले. बायकोसुद्धा हसली. मला तेव्हा काही सुचलं नाही, याचा राग आजही आहे.

घरी येऊन मुलांचे तीन जुने कॅल्क्युलेटर फोडले. डिस्प्लेच्या काचेवर करड्या रंगाची फिल्म चिकटवलेली असते, ती पोलरॉइड, म्हणजे एकाच दिशेत थरथरणारा प्रकाश सोडणारी. वरचीच काढायची. मागच्या फिल्मला चांदीसारखा थर असतो, ती बिनकामाची. एक काढताना फाटली, दोन नीट निघाल्या. तिसरी लागलीच नाही, कारण मोबाईलच्या स्क्रीनवर ती आधीच बसवलेली असते. तुमच्याकडे जुना कॅल्क्युलेटर असेल तर करून बघा. फक्त मोबाईलवरचा प्लास्टिकचा संरक्षक कागद काढा, नाहीतर नुसते रंग दिसतात.

पुढच्या रविवारी साडूंना चहाला बोलावलं. मोबाईलवर पांढरं पान उघडलं, वर एक फिल्म धरून फिरवत गेलो. एका कोनाला स्क्रीन पार काळी झाली. ते म्हणाले, गॉगलनेही होतं. म्हटलं, थांबा. दुसरी फिल्म स्क्रीन आणि पहिली फिल्म यांच्या मधे, 45 अंशात तिरकी सरकवली. काळ्या चौकोनात उजेड परत आला. तीच फिल्म मधून काढून वर ठेवली, की पुन्हा काळोख.

रवा चाळताना मधे आणखी एक चाळण धरली म्हणून खाली जास्त रवा पडतो का? नाही. म्हणजे फिल्म ही चाळण नव्हे. सगळा विषय इथे आहे.

आता प्रकाशाचा एकेक कण, म्हणजे फोटॉन, घेऊन बघू. स्क्रीनमधून आलेला फोटॉन 'उभा' आहे असं म्हणू. वरची फिल्म फक्त 'आडव्या'ला सोडते, म्हणून काळोख. मधली तिरकी फिल्म उभा की आडवा हे विचारतच नाही. ती विचारते, उजवीकडे तिरका की डावीकडे? उभा फोटॉन म्हणजे या दोन तिरक्यांची समसमान बेरीज, त्यामुळे शंभरातले साधारण पन्नास पार होतात. कुठले पन्नास, ते आधी सांगता येत नाही. जे पार झाले ते आता पक्के उजवे तिरके. ते कधीकाळी उभे होते याची खूण उरत नाही. उजवा तिरका म्हणजे पुन्हा उभ्या-आडव्याची समसमान बेरीज, म्हणून शेवटच्या फिल्ममधून त्यातले निम्मे, म्हणजे पंचवीस, बाहेर येतात. शून्याचे पंचवीस झाले. (प्रत्यक्षात फिल्म स्वतःही थोडा उजेड खाते, तेव्हा त्याहून कमीच.)

या 'बेरजे'लाच सुपरपोझिशन म्हणतात. 'एकाच वेळी दोन ठिकाणी' या वाक्याने घोटाळा होतो. तोच फोटॉन उभ्या-आडव्याच्या हिशोबात बेरीज असतो आणि तिरक्याच्या हिशोबात एकदम ठाम असतो.

साडू म्हणाले, "म्हणजे तो आधीपासून उभा किंवा आडवा असणार, आपल्यालाच माहीत नाही." शंका रास्त होती, त्याचं श्रेय देतो. पण ती तपासता येते. खरोखरच निम्मे उभे आणि निम्मे आडवे फोटॉन मिसळून आणा आणि 45 अंशाच्या फिल्मवर सोडा, निम्मेच पार होतील. उजवे तिरके सोडा, सगळे पार होतील. अज्ञान आणि सुपरपोझिशन यांत असा मोजता येणारा फरक आहे.

राहिलं मापन, म्हणजे तुम्ही म्हणता ते 'बघणं'. फिल्मला मन नसतं, हे उघड आहे. साडू म्हणाले, "पण शेवटी बघत तर तुम्हीच होतात ना?" म्हणून व्हिएन्नाचा प्रयोग सांगावा लागला. तिथल्या विद्यापीठात 70 कार्बन अणूंचा रेणू, C70, बारीक जाळ्यांतून सोडून इंटरफिअरन्सचे पट्टे, म्हणजे कुठे जास्त तर कुठे कमी रेणू पडल्याची नक्षी, मिळवत होते. पट्टे दिसतात याचा अर्थ रेणूच्या वेगवेगळ्या वाटांची बेरीज शाबूत आहे. 2003 साली त्यांनी निर्वात पेटीत थोडाथोडा वायू सोडला. दाब वाढला तसे पट्टे फिके होत गेले, गणिताने सांगितलं होतं त्याच प्रमाणात. 2004 साली रेणू आधी लेसरने तापवले. तापलेला रेणू स्वतःच प्रकाश टाकतो, आणि त्या प्रकाशात रेणू कुठून गेला याची खूण राहते. पुरेसे तापवले की पट्टे गेले. तो प्रकाश कोणी पकडला नव्हता, कोणी बघत नव्हतं. रेणूचा माग बाहेर कशावर तरी उमटला, एवढंच पुरलं. मन पट्टे पुसत असतं, तर वायूचा दाब किती हे मोजायचं काय कारण होतं?

तेव्हा तुम्हाला कोणी शिबिराची फी सांगितली, तर आधी विचारा: किती एकाग्र झाल्यावर मधल्या फिल्मशिवाय उजेड येतो? आमच्या साडूंनी प्रयत्न केला. डोळे मिटून, दोन मिनिटं. चहा गार झाला, स्क्रीन काळीच.

दोन गोष्टी प्रामाणिकपणे सांगायला हव्यात, त्या दिवशी मी त्या गाळल्या. एक, मोबाईलवरचा प्रयोग प्रकाश ही साधी लाट धरूनही समजावता येतो. फोटॉन एकेक करून मोजले, की प्रत्येक अख्खा जातो किंवा अख्खा अडतो, तेव्हा खरं क्वांटम दिसतं. ते स्वयंपाकघरातल्या टेबलावर जमत नाही. दुसरी, माग उमटला की बेरीज का दिसेनाशी होते हे कळतं, पण अमुकच फोटॉन का पार झाला आणि शेजारचा का नाही, यावर भौतिकशास्त्रज्ञांचं आजही एकमत नाही. त्या फटीत मन घुसवायला पुरावा मात्र नाही.

साडूंनी नंतर कुठून तरी शोधून मला यूजीन विग्नर पाठवला: नोबेल मिळालेला माणूस, 1961 साली त्याने मापनात जाणिवेची गरज असल्याचं लिहिलं होतं. खरं आहे, लिहिलं होतं. पुढे त्याने स्वतःच ते मत सोडलं, हे मी उलट पाठवलं. निळ्या टिका आल्या. उत्तर अजून नाही, आणि माझी एक फिल्म त्यांच्याकडेच आहे.