नाक शार्प, डोळे धूसर: मार्क कापायचे का?

प्रश्न: सोसायटीच्या पेट फोटो स्पर्धेत परीक्षक आहे. कुत्र्याचं नाक शार्प पण डोळे धूसर असतील तर मार्क कापू का?

हो, कापा. फोटो मोठा करून जवळचा डोळा बघा. लांब तोंडाच्या कुत्र्यात फोकस बरेचदा नाकावर बसतो. नाकाचा ओलावा लख्ख आणि पापण्या विरघळलेल्या, म्हणजे फोकस चुकला. सगळंच एका दिशेला ओढलेलं दिसलं तर हात हलला.

पण फोकस म्हणजे सगळं नाही, स्वभावही बघा. आमच्या कोथरूडच्या सोसायटीच्या स्पर्धेत एका फोटोत लॅब्रॅडॉर शिस्तीत बसलेला, नजर थेट कॅमेऱ्यात, पण कान मागे आणि तोंड घट्ट मिटलेलं. घाबरला होता बिचारा. दुसऱ्या फोटोत पार्किंगमधल्या स्कूटरवर ऐसपैस पसरलेली मांजर, कॅमेऱ्याकडे ढुंकूनही न बघणारी. अर्धमिटले डोळे मात्र लख्ख. नजरेचे मार्क गेले, तरी स्वभावासाठी तिला 10 पैकी 9 दिले. (लॅबच्या मालकीणबाई अजून माझ्याशी बोलत नाहीत.)