हॉल बुकिंगच्या पावतीमागे काय छापलंय ते बघा

प्रश्न: मुलीच्या लग्नासाठी हॉल बुक केला, भाडं दीड लाख, अॅडव्हान्स 75 हजार दिला. लग्न मोडलं, चार महिने आधीच कॅन्सल कळवलं. मॅनेजर म्हणतो पावतीवर "अॅडव्हान्स परत मिळणार नाही" असं छापलंय. सगळे पैसे गेले का?

नाही, नुसतं छापलंय म्हणून सगळे गेले असं होत नाही. भारतीय करार कायदा 1872 मधलं कलम 74 सांगतं की करारात दंडाची रक्कम लिहिलेली असली तरी समोरच्याला फक्त वाजवी भरपाई मिळते, आणि लिहिलेली रक्कम ही तिची कमाल मर्यादा असते. सुप्रीम कोर्टाने 2015 च्या कैलाश नाथ असोसिएट्स खटल्यात हेच स्पष्ट केलंय, नुकसान झालंच नसेल तर भरपाई नाही, आणि नुकसान सिद्ध करता येण्यासारखं असेल तर ते सिद्ध करावंच लागतं.

म्हणून तुमच्या केसमध्ये सगळं एका गोष्टीवर येतं, ती तारीख दुसऱ्या कुणाला दिली गेली का. त्या दिवशी हॉलवर कार्यक्रम असेल तर बाहेर लागलेल्या बोर्डाचा तारखेसकट फोटो काढून ठेवा. त्याच भाड्यात पुन्हा बुकिंग झालं असेल तर हॉलवाल्याचं नुकसान म्हणजे थोडासा ऑफिसखर्च, 75 हजार नक्कीच नाही. हॉल खरंच रिकामा राहिला असेल, तोही ऐन मुहूर्ताच्या दिवशी, तर मात्र बऱ्यापैकी रक्कम कापणं वाजवी ठरू शकतं, तिथे हट्ट धरू नका. आधी लेखी पत्र द्या, मग 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार, आणि तरी नाही जमलं तर जिल्हा ग्राहक आयोग, तिथे दोन वर्षांच्या आत जावं लागतं आणि दिलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर फी नाही.

पुढचं बुकिंग करताना हे वाक्य पावतीवर हाताने लिहून दोघांच्या सह्या घ्या: "तारीख पुन्हा बुक झाल्यास अॅडव्हान्सच्या 10 टक्के कापून बाकी रक्कम 15 दिवसांत परत." 10 च्या जागी 15 म्हणाले तरी चालेल, पण पुन्हा बुकिंगचा उल्लेख हवाच.

प्रश्न: 25 हजार डिपॉझिट होतं, त्यातले 18 हजार "कार्पेट जळलं आणि लाइट बिल" म्हणून कापले. बिल दाखवत नाहीत. काय करू?

दोन वेगळे हिशेब त्यांनी एकात मिसळलेत, ते आधी लेखी मागून वेगळे करून घ्या. लाइटसाठी सुरुवातीचं आणि शेवटचं मीटर रीडिंग, युनिटचा दर. कार्पेटसाठी जळलेल्या जागेचा फोटो आणि दुरुस्तीचं बिल. होमाच्या ठिणगीने तळहाताएवढा डाग पडला असेल तर तेवढा तुकडा बदलायचा खर्च द्यावा, सहा वर्षं वापरलेल्या अख्ख्या कार्पेटची नवी किंमत नाही.

खरं तर हे भांडण हॉल ताब्यात घेतानाच टळतं, मॅनेजरला बरोबर घेऊन मोबाइलवर व्हिडिओ काढायचा, आधीच तुटलेल्या खुर्च्या, संडासाचे नळ, भिंतीवरचे टेपचे डाग आणि मीटरचा आकडा सगळं त्यात बोलून दाखवायचं आणि लगेच त्याच्याच व्हॉट्सअॅपवर पाठवायचं. निघताना पुन्हा तसंच. घरच्या एका माणसाला फक्त हेच काम द्या, कारण पाठवणीच्या गडबडीत कुणालाच सुचत नाही.

प्रश्न: बाहेरचा केटरर चालेल म्हणाले, आता ताटामागे 60 रुपये रॉयल्टी मागतायत. देणं बंधनकारक आहे का?

पावतीवर किंवा नियमांच्या कागदावर असेल आणि तुम्ही सही केली असेल तर बहुतेक द्यावी लागेल. नसेल, आणि "चालेल" हे मेसेजमध्ये असेल तर तो मेसेज पुढे करा, नंतर एकतर्फी चार्ज वाढवता येत नाही. 400 ताटांचे 24 हजार होतात, वर जीएसटी धरला तर अजून, म्हणून आकड्याआधी तीन गोष्टी ठरवा. ताटं कोण मोजणार, किती ताटांचं मिनिमम, आणि रॉयल्टीत काय काय येतं, म्हणजे पाणी, भांडी घासायची जागा, ओला कचरा उचलणं.

सगळ्यात जास्त घोळ वेळेचा होतो. हॉल सकाळी 6 ला ताब्यात मिळतो असं लिहिलेलं असतं पण सकाळच्या नाश्त्यासाठी आचाऱ्याला आदल्या रात्रीच किचन लागतं, आणि मग रात्री 10 ला वॉचमन कुलूप उघडत नाही. "किचन आदल्या दिवशी संध्याकाळी 7 पासून" असं स्पष्ट लिहून घ्या. केटररचा एफएसएसएआय नंबर आणि किचनमधल्या नुकसानीची जबाबदारी त्याच्याकडून वेगळी लिहून घ्या, नाहीतर फुटलेल्या कढईचे पैसेही तुमच्याच डिपॉझिटमधून जातील.